नॅबोथियन सिस्ट

नॅबोथियन सिस्ट म्हणजे गर्भाशयमुखावर, चिकट स्राव आत साठल्यामुळे तयार होणारी लहान, गुळगुळीत पुटी. बहुतेक पुटी काही मिलिमीटरच्या असतात. क्वचितच एखादी एक सेंटिमीटरच्या पुढे जाते. मूल झालेल्या स्त्रियांमध्ये त्या इतक्या नेहमी दिसतात की अनेक डॉक्टर त्यांना आजार न म्हणता गर्भाशयमुखाच्या सामान्य रूपाचाच एक भाग मानतात. तरीही सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये ‘सिस्ट’ हा शब्द वाचला की बाई घाबरते, आणि तिने घाबरणे स्वाभाविकच आहे. म्हणून ही पुटी कशी बनते हे नीट समजून घ्यायला हवे. ती निरुपद्रवी का, याचे उत्तर तिच्या घडणीतच आहे.

गर्भाशयमुखाला दोन प्रकारची अस्तरे असतात. योनीच्या बाजूचे अस्तर चपट्या पेशींच्या अनेक थरांचे आणि टणक असते. आतल्या नलिकेचे अस्तर उंच पेशींच्या एकाच थराचे, नाजूक असते. त्याच्या खोल घड्यांमध्ये चिकट स्राव तयार होतो. या घड्यांना ग्रंथी म्हणण्याचा प्रघात आहे. वयात येताना, गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर आतले नाजूक अस्तर थोडे बाहेर येते. योनीतल्या आम्लाशी संबंध आल्यावर त्याची जागा हळूहळू चपट्या पेशी घेतात. हा बदल नैसर्गिक आहे. दीर्घकाळच्या सुजेनंतर भरून येतानाही तो घडतो. नवे अस्तर पसरताना काही ग्रंथींची तोंडे त्याखाली झाकली जातात. आतल्या पेशींचे काम मात्र चालूच राहते. स्राव बाहेर पडत नाही, आतच साचतो आणि ग्रंथी फुगते.

म्हणजे इथे पेशींची बेसुमार वाढ झालेली नसते, फक्त वाट बंद झालेली असते. पुटीच्या भिंतीत त्याच साध्या पेशींचा एक थर असतो आणि आतल्या दाबाने तो उलट चपटा झालेला असतो. अशा पुटीचे कर्करोगात रूपांतर होत नाही.

एक नमुना घेऊ. दोन मुलांची आई असलेल्या ४१ वर्षांच्या बाईला पाळीत जास्त रक्तस्राव होतो, म्हणून योनीमार्गे सोनोग्राफी केली जाते. रिपोर्टमध्ये तीन नॅबोथियन सिस्ट येतात, सर्वांत मोठी ९ मिलिमीटरची. पडद्यावर त्या काळ्या, गोल, पातळ भिंतीच्या दिसतात. आत घन भाग नाही, आणि डॉप्लरवर आत रक्तप्रवाहही नाही. योनी उघडी धरणारे स्पेक्युलम हे साधन लावून पाहिल्यावर गर्भाशयमुखाच्या ओठावर पिवळसर पांढरा, चकचकीत उंचवटा दिसतो आणि त्यावरून बारीक रक्तवाहिन्या गेलेल्या असतात. नवख्या डोळ्याला या रक्तवाहिन्यांची शंका येऊ शकते, पण त्या झाडाच्या फांद्यांसारख्या फुटत जातात आणि टोकाकडे निमुळत्या होतात. कर्करोगातल्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या असतात आणि त्यांची जाडी मध्येच एकदम बदलते. इतके स्पष्ट चित्र असेल तर पुटीसाठी पुढची तपासणी लागत नाही. जास्त रक्तस्रावाचे कारण मात्र या पुटींमध्ये शोधू नये. ते गर्भाशयात, संप्रेरकांत किंवा अन्यत्र असते. प्रत्यक्षात चूक बहुधा इथेच होते. रिपोर्टवर नाव असलेल्या पुटीच्या माथी सगळा त्रास मारला जातो आणि खरे कारण मागे पडते.

लहान पुटींचा स्वतःचा त्रास सहसा नसतो, आणि त्यांच्यामुळे वंध्यत्वही येत नाही. गंमत म्हणजे ज्यांचे नाव या पुटींना मिळाले, ते जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ मार्टिन नाबोथ १८व्या शतकाच्या सुरुवातीला यांनाच स्त्रीबीजे समजले होते.

उपचार लागतात ते मोजक्या वेळी. पुटी बरीच मोठी होऊन दुखत असेल, किंवा गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची पूर्वचिन्हे शोधणाऱ्या पॅप चाचणीसाठी पेशी घ्यायला अडथळा करत असेल, तर ती छेदून आतला घट्ट, चिकट स्राव काढतात, किंवा विद्युतदाहाने अथवा अतिशीत उपचाराने नष्ट करतात. एरवी ती तशीच राहू द्यावी; काही आपोआप फुटून नाहीशाही होतात.

अपवाद दुर्मिळ आहे, पण माहीत असावा. गर्भाशयमुखाच्या ग्रंथींचा एक विरळा कर्करोग अनेक पुटींच्या रूपात दिसू शकतो. त्यात पुटी खोलवर, गर्भाशयमुखाच्या जाड भिंतीत शिरलेल्या असतात, त्यांच्यामध्ये घन भाग असतो आणि अनेकदा अंगावरून पाण्यासारखा भरपूर स्राव जातो. असे चित्र असेल तर एमआरआय आणि ऊतींची तपासणी करतात. तसेच संबंधांनंतर रक्त जाणे, पाळी गेल्यानंतर रक्तस्राव होणे, या तक्रारींची तपासणी पुटी असो वा नसो, स्वतंत्रपणे करावी लागते. पॅप किंवा गर्भाशयमुखाच्या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या एचपीव्ही विषाणूची चाचणीही ठरलेल्या वेळीच करायची. पुटीमुळे ती लवकर करावी लागत नाही आणि टाळताही येत नाही.