पैसे आधी, पडताळणी नंतर: ड्रॉबॅक दाव्यांच्या ऑडिटची पार्श्वभूमी

निर्यातीच्या मालावर देशातला कर लादून तो बाहेर पाठवू नये, हे तत्त्व जुनंच आहे. आयात केलेल्या रंग-रसायनांवर भरलेलं सीमाशुल्क त्यापासून बनलेला माल परदेशी गेल्यावर परत मिळावं, याची तरतूद 1962 च्या सीमाशुल्क कायद्याच्या कलम 75 मध्ये आहे. हाच ड्रॉबॅक. आयात केलेली वस्तू जशीच्या तशी परत पाठवली, तर कलम 74 लागतं आणि भरलेल्या शुल्काच्या जास्तीत जास्त 98 टक्के परत मिळतात. ऑडिटची खरी डोकेदुखी मात्र कलम 75 मध्ये आहे, कारण तिथे बहुतेक वेळा प्रत्यक्ष भरलेला कर कुणी मोजतच नाही.

प्रत्येक टॉवेलमध्ये किती आयात रसायन गेलं हे दर खेपेला सिद्ध करायला लावलं, तर निर्यातदाराचा जन्म त्यातच जायचा. म्हणून सरकार संपूर्ण उद्योगासाठी सरासरी दर ठरवतं. दर बहुतेकदा एफओबी, म्हणजे माल जहाजावर चढेपर्यंतच्या किमतीच्या टक्केवारीत असतो आणि बऱ्याच वस्तूंना वर एक कमाल मर्यादाही असते, नगामागे किंवा किलोमागे अमुक रुपये. म्हणजे परताव्याची रक्कम निर्यातदाराने जाहीर केलेल्या किमतीवर आणि परिमाणावर ठरते. ते दोन आकडे वाढवले की परतावा वाढतो. 1971, 1995 आणि 2017 च्या ड्रॉबॅक नियमांत या दोन आकड्यांभोवती एकेक कुंपण घातलेलं दिसतं.

पूर्वी सगळा कारभार कागदावर होता. शिपिंग बिल म्हणजे निर्यातदाराने सीमाशुल्काकडे दिलेलं घोषणापत्र, त्यावर अधिकाऱ्याचा शेरा, जहाज कंपनीची मालाची पावती म्हणजे बिल ऑफ लेडिंग, इनव्हॉइस आणि पॅकिंग लिस्ट अशी जुडी घेऊन कारकून हाताने जुळवणी करत. 1995 च्या नियमांनी वेगळा दावा-अर्ज भरण्याचा त्रास काढला आणि शिपिंग बिलाची तिसरी प्रत हाच दावा मानला. पुढे संगणकप्रणालीत हीच कल्पना गेली: माल चढला, जहाज कंपनीने ईजीएम म्हणजे चढलेल्या मालाची यादी दाखल केली, ती शिपिंग बिलाशी जुळली, की रक्कम खात्यात. निर्यातदारांचं भांडवल लवकर मोकळं व्हावं म्हणून हे आवश्यकच होतं, आणि त्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. पण त्यातून एक गोष्ट पक्की झाली. परदेशी ग्राहकाचे पैसे यायच्या आधीच सरकारचे पैसे जातात.

ही फट बुजवायला कलम 75 मध्ये एक परंतुक आहे. परकीय चलन ठरलेल्या मुदतीत आलं नाही, तर तो ड्रॉबॅक कधी मंजूरच झाला नव्हता असं समजलं जाईल. वसुलीची पद्धत 1995 च्या नियमांत 16अ मध्ये आली आणि आता ती 2017 च्या नियम 18 मध्ये आहे. कायदा झाला, पण दुवा नव्हता. पैसे आल्याची नोंद बँकेत, निर्यातीची नोंद सीमाशुल्काकडे, आणि दोन्हीकडे एकाच शिपिंग बिलाचा क्रमांक असूनही जुळवणी माणसाने करायची. न वसूल झालेल्या रकमांवरचा ड्रॉबॅक परत घेतला गेला नाही, हा आक्षेप कॅगच्या अहवालांतून पुन्हा पुन्हा येत राहिला. 2012 मध्ये पैसे आल्याचं इलेक्ट्रॉनिक बँक प्रमाणपत्र आणि 2014 मध्ये निर्यातीच्या पैशांवर नजर ठेवणारी रिझर्व्ह बँकेची ईडीपीएमएस प्रणाली आल्यावर शिपिंग बिलवार जुळवणी शक्य झाली. 2018 मध्ये कायद्यात कलम 99अ घालून सीमाशुल्काच्या ऑडिटलाही स्वतंत्र आधार मिळाला.

आता एक खेप जवळून पाहू. आकडे आणि दर उदाहरणासाठी घेतलेले आहेत. सोलापूरचा एक कारखानदार न्हावाशेवाहून 20,000 टेरी टॉवेल पाठवतो. एक टॉवेल 400 ग्रॅम, म्हणजे निव्वळ वजन 8,000 किलो. 400 खोके, प्रत्येकात 50 टॉवेल, रिकाम्या खोक्याचं वजन दीड किलो, म्हणून एकूण वजन 8,600 किलो. एफओबी किंमत 48 लाख रुपये. दर 3 टक्के धरला तर 1,44,000 रुपये होतात, पण कमाल मर्यादा किलोला 12 रुपये असेल तर परतावा 96,000 रुपयांवर थांबतो.

टॉवेल विकला जातो नगावर आणि मर्यादा असते किलोवर. शिपिंग बिलाच्या ड्रॉबॅकच्या रकान्यात परिमाण भरताना 8,000 ऐवजी 20,000 पडलं, तर मर्यादा 2,40,000 रुपयांवर जाते, तिचा अडसर उरत नाही आणि संगणक 1,44,000 रुपये मंजूर करतो. 48,000 रुपये जादा गेले, आणि प्रणालीच्या दृष्टीने काहीच चुकलं नाही. निव्वळ वजनाऐवजी एकूण वजन भरलं तर जादा रक्कम फक्त 7,200 रुपये असते, पण ही चूक जास्त वेळा आणि जास्त खेपांत सापडते. दोन्ही पकडण्याची रीत एकच. ड्रॉबॅकचं परिमाण पॅकिंग लिस्टमधल्या निव्वळ वजनाशी लावायचं, मग खोक्यांची संख्या गुणिले एका खोक्याचं वजन करून पाहायचं, आणि शेवटी कंटेनरच्या प्रमाणित वजनाशी ताळा घ्यायचा. जुलै 2016 पासून माल भरलेल्या कंटेनरचं वजन प्रमाणित केल्याशिवाय तो जहाजावर चढत नाही. त्यातून कंटेनरच्या दारावर लिहिलेलं रिकामं वजन आणि आतलं फळ्या-आधाराचं सामान वजा केलं, की 8,600 च्या आसपास आकडा यायलाच हवा. तो 6,000 आला तर प्रश्न वजनाच्या रकान्याचा राहत नाही. माल कमी चढला आहे.

मग पैशांकडे वळायचं. इथे नवखा लेखापरीक्षक हमखास घसरतो, कारण तो रुपये रुपयांशी लावतो. शिपिंग बिलावरचा विनिमय दर सीमाशुल्क विभागाने जाहीर केलेला असतो आणि बँकेचा दर पैसे आले त्या दिवसाचा. म्हणून तुलना इनव्हॉइसच्या चलनातच करावी लागते. इनव्हॉइस सीआयएफ, म्हणजे भाडं आणि विमा धरून केलेलं असेल, तर आधी जहाजभाडं आणि विमा वजा करायचा, आणि ते आकडे प्रत्यक्ष बिलांवरून घ्यायचे. जाहीर केलेलं भाडं कमी दाखवलं की एफओबी तेवढीच फुगते. आपल्या खेपेत ग्राहकाने दर्जाच्या तक्रारीवरून चौथा हिस्सा रोखला आणि मुदत संपली, तर 96,000 पैकी त्याच प्रमाणात 24,000 रुपये व्याजासह परत जातात. ते पैसे पुढे खरोखर आले, तर पुरावा वेळेत देऊन सरकारने परत घेतलेली ही ड्रॉबॅकची रक्कम निर्यातदाराला पुन्हा मिळते. ही सोय अनेकांना माहीतच नसते, म्हणून मुद्दाम सांगितली.

एवढं करूनही एक दावा सुटू शकतो, तो म्हणजे सगळी कागदपत्रं जुळणारा. माल हलक्या प्रतीचा, किंमत अनेक पटींनी जादा लावलेली, आणि तेवढंच परकीय चलन आडमार्गाने आणून बँकेत भरलेलं. तयार कपड्यांच्या निर्यातीतल्या अशाच फुगवलेल्या किमतीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2003 मध्ये असा माल निषिद्ध ठरवून जप्तीला पात्र मानला. मालच न पाठवता कागदोपत्री निर्यात दाखवणाऱ्यांसाठी 2006 मध्ये कलम 114अअ आलं, त्यात मालाच्या किमतीच्या पाचपटीपर्यंत दंड आहे. नियमही सांगतात की ड्रॉबॅक मालाच्या बाजारभावाच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त असू शकत नाही. बाजारभाव मात्र शिपिंग बिलाच्या जुडीत सापडत नाही. त्यासाठी सूत खरेदीची बिलं, कारखान्याची वीज, रंगाईचे जॉबवर्क चलान आणि माल बंदराकडे निघाल्याचं ई-वे बिल मागवावं लागतं. 8,000 किलो टॉवेलसाठी वाया जाणारं धरून 8,000 किलोपेक्षा जास्तच सूत लागतं. खरेदी आणि शिल्लक साठा मिळून 3,000 किलोच दिसत असेल, तर उरलेले टॉवेल कुठून आले हे निर्यातदाराने दाखवायचं असतं.