नवा बड केसमध्ये बसला, चार्जही झाला, मग वाजत का नाही?

माझ्या मामेभावाचा उजवा इअरबड हरवला. त्याने त्याच मॉडेलचा सुटा उजवा बड मिळवला, केसमध्ये ठेवला, दिवा लागला, चार्ज झाला. मग फोनच्या ब्लूटूथ यादीत एकाच नावाच्या दोन एंट्री दिसायला लागल्या, एकीला कनेक्ट केलं की डावा वाजायचा, दुसरीला केलं की उजवा, पण दोन्ही एकत्र काही केल्या वाजेनात. त्याचं म्हणणं, बड डिफेक्टिव्ह आहे. बड एकदम ठणठणीत होता. आणि जवळजवळ प्रत्येकाचा इथेच गोंधळ होतो, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आपण समजतो की पेअरिंग म्हणजे फोन आणि इअरबड यांची ओळख. पण वायरलेस बड्समध्ये ओळखी दोन असतात. एक फोनशी, आणि दुसरी दोन बड्सची एकमेकांशी, जी कारखान्यातच करून दिलेली असते त्यामुळे आपल्याला कधी दिसतच नाही. प्रत्येक बड हे स्वतंत्र यंत्र आहे, त्याचा स्वतःचा रेडिओ, स्वतःची बॅटरी आणि स्वतःचा 48 बिटांचा ब्लूटूथ पत्ता. डाव्या बडच्या मेमरीत हरवलेल्या उजव्याचा पत्ता लिहिलेला आहे, तो त्यालाच शोधत बसतो. शेजारच्या खाचेत आलेला नवा बड त्याच्या दृष्टीने परका. तो सुटा बड आधी कुणी वापरलेला असेल तर तोही त्याच्या जुन्या जोडीदाराला शोधत असतो.

आता ही आपापसातली ओळख लागते कशाला? मला या सगळ्यात सगळ्यात जास्त आवडणारा भाग हाच आहे.

जुन्या पद्धतीच्या ब्लूटूथमध्ये, जी अजून बहुतेक बड्स वापरतात, फोन गाण्याचा प्रवाह एकाच यंत्राला पाठवतो. त्याला वाटतं समोर एकच हेडफोन आहे. मग दुसऱ्या कानापर्यंत गाणं जातं कसं? सुरुवातीच्या मॉडेल्समध्ये एक बड सगळं ऐकायचा आणि दुसऱ्याला पुढे पाठवायचा. पण मध्ये आपलं डोकं येतं, डोक्यात भरपूर पाणी, आणि 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरी पाण्यात चांगल्याच शोषल्या जातात, त्यामुळे आवाज तुटायचा. (ब्लूटूथने मेंदू भाजतो असे मेसेज फिरतात त्यांच्यासाठी इथेच सांगतो, या बड्सची ताकद साधारण काही मिलिवॅटची असते, त्यातून पेशींना जाणवेल इतकी उष्णताही तयार होत नाही, आणि या लहरींत रेणू तोडण्याइतकी ऊर्जा नसते. ते मेसेज खुशाल डिलीट करा.)

मग इंजिनिअरांनी वेगळी युक्ती काढली. दुसऱ्या बडने फोनचं बोलणं थेट, गुपचूप ऐकायचं. पण ब्लूटूथ एका जागी थांबत नाही, ते 79 चॅनलवर सेकंदाला 1600 वेळा उड्या मारतं, म्हणजे एका जागी जेमतेम 625 मायक्रोसेकंद. पुढची उडी कुठे हे फोनचा पत्ता आणि फोनचं अंतर्गत घड्याळ यांवरून ठरतं, आणि जे बोललं जातं ते गुप्त किल्लीने कुलूपबंद असतं. त्यामुळे ऐकणाऱ्या बडला पत्ता, घड्याळ आणि किल्ली तिन्ही हवं. हे सगळं त्याला मुख्य बड, म्हणजे ज्याच्याशी फोन थेट जोडलेला असतो तो, देतो, आणि देतो फक्त ओळखीच्या जोडीदाराला. म्हणून मामेभावाच्या फोनवर कितीही टॅप केलं तरी फरक पडत नव्हता, कारण फोनच्या हातात हे नाहीच.

आणि नुसतं ऐकून भागत नाही, दोघांनी एकाच क्षणी वाजवायला पाहिजे. आवाज डाव्या बाजूने आला तर उजव्या कानाला तो थोडा उशिरा पोचतो, जास्तीत जास्त 600 ते 700 मायक्रोसेकंद, आणि त्या फरकावरून मेंदू दिशा ओळखतो, अगदी 10 मायक्रोसेकंदांचा फरकसुद्धा सरावलेल्या कानाला कळतो. म्हणजे ब्लूटूथची एक उडी जितकी, तितका जरी एक बड मागे पडला तरी गायक डोक्याच्या मधोमध न राहता एका कानाकडे सरकतो. काही फोन दोन वेगवेगळ्या हेडफोनना एकदम आवाज पाठवू शकतात, पण ती सोय वापरून दोन अनोळखी बड्स चालवायचा जुगाड केला तर म्हणूनच पोकळ, घुमल्यासारखं ऐकू येतं.

तर उपाय असा. आधी मॉडेल नंबर जुळतोय का ते बडच्या खाली बारीक अक्षरात बघायचा, नुसता आकार नाही. एअरपॉड्सची पहिली पिढी A1523 आणि A1722, दुसरी A2031 आणि A2032. दिसायला डिट्टो सारखी, पण आतली चिप वेगळी, त्यामुळे एकमेकांशी जुळत नाहीत. खोक्यावर "ब्लूटूथ 5.3" लिहिलंय म्हणून कुठलाही बड कुठल्याही बडशी जुळेल असं सांगणारे विक्रेते चुकीचं सांगतात, तो आकडा फोनशी बोलण्याच्या भाषेचा आहे, जोडीदाराचा नाही.

मग जुनी एंट्री प्रत्येक फोन, लॅपटॉप, टॅबवरून काढून टाकायची. एक जरी राहिला तरी बड बाहेर काढताच त्यालाच जाऊन चिकटतो आणि जोडीदार शोधायचं राहून जातं. मग दोन्ही बड पूर्ण चार्ज करून रीसेट करायचे, एक नाही, दोन्ही, कारण जुना पत्ता डाव्याच्या मेमरीत आहे. पद्धत मॉडेलप्रमाणे बदलते. कुठे दोन्ही बड्स बाहेर काढून त्यांचं बटण दाबून धरायचं असतं, कुठे केसचं. वर सांगितलेल्या एअरपॉड्समध्ये झाकण उघडं ठेवून केसच्या मागचं बटण 5 सेकंद दाबायचं, दिवा पांढरा लुकलुकला तर जमलं. पिवळसरच राहिला तर झाकण लावून केस चार्जिंगला 20 मिनिटं ठेवायची आणि मग परत करायचं. दोन बड्सचं आतलं सॉफ्टवेअर वेगळ्या व्हर्जनचं असेल तरी कधीकधी जोडी जमत नाही.

मामेभावाच्या बड्समध्ये बटणवाली पद्धत होती. दोन्ही एकदम दाबून धरले, दोन्ही लुकलुकले, काही सेकंदांनी उजव्याचा दिवा विझला आणि डावा एकटाच लुकलुकत राहिला. ही खूण महत्त्वाची, एक गप्प झाला म्हणजे त्याने जोडीदार स्वीकारला. दोन्ही लुकलुकतच राहिले तर फोनला हात लावायचा नाही, परत रीसेट. आता यादीत एकच नाव आलं, ते जोडलं आणि दोन्ही वाजले.

शेवटी एखादं नुसतं बोलण्याचं रेकॉर्डिंग लावून बघा. आवाज डोक्याच्या मधोमध यायला पाहिजे. मामेभावाच्या बड्समध्ये तो नव्या बडकडे सरकत होता, पण पोकळ वाटत नव्हता, म्हणजे वेळ बरोबर होती, जुन्याचा आवाज फक्त बारीक होता. जाळीत मळ साचला होता. मऊ कोरड्या ब्रशने जाळी खाली धरून साफ केली आणि आवाज मधे आला. डाव्याची बॅटरी मात्र दोन वर्षं वापरलेली, ती उजव्याच्या आधी संपते, त्याला रीसेटचा उपयोग नाही.