एनएसए म्हणजे नकली फाइव्ह-जी?

"एनएसए हे नकली फाइव्ह-जी. खरा वेग फक्त एसएमध्ये मिळतो, आणि बॅटरीही त्यातच वाचते."

असा दावा ऐकू येतो. एनएसए म्हणजे नॉन-स्टँडअलोन, फोर-जीच्या आधाराने चालणारं फाइव्ह-जी; एसए म्हणजे स्टँडअलोन, स्वतंत्र फाइव्ह-जी. दोन्हींत फाइव्ह-जीचा रेडिओ एकच असतो. फरक त्याच्या मागे आहे. एनएसएमध्ये फोन आधी फोर-जीच्या टॉवरशी जोडला जातो, सूचनांची देवाणघेवाण तिथूनच होते आणि डेटासाठी फाइव्ह-जीची जोड मिळते. एसएमध्ये रेडिओपासून कोअर नेटवर्कपर्यंत, म्हणजे टॉवरमागच्या मुख्य यंत्रणेपर्यंत, सगळं फाइव्ह-जीचंच.

आता वेग पाहू. तो मुख्यतः ठरतो स्पेक्ट्रमची रुंदी, सिग्नल आणि गर्दी यांवर. समजा, फाइव्ह-जीला १०० मेगाहर्ट्‌झ आहेत. एसएमध्ये फोनला तेवढेच मिळतील. एनएसएमध्ये त्यांत फोर-जीचे २० मिळवता येतात. म्हणजे डाउनलोडला एनएसए कधीकधी पुढेही जातं. एसएचा खरा फायदा प्रतिसादाला लागणारा वेळ कमी होण्यात आहे.

बॅटरीच्या बाबतीत मात्र त्या दाव्यात तथ्य आहे. एनएसएमध्ये डेटा चालू असताना दोन रेडिओ जागे राहतात, म्हणून खर्च वाढतो. पण एसएचा सिग्नल कमकुवत असेल तर फोनला जास्त ताकदीने प्रक्षेपण करावं लागतं, आणि बचत तिथेच संपते.

पडताळायचं असेल तर वरच्या 5G चिन्हावर विसंबू नका, ते बहुतेक फोनवर दोन्हींत सारखंच दिसतं. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर `*#*#4636#*#*` डायल करून फोनची माहिती उघडा. डेटा नेटवर्कपुढे `NR` असेल तर एसए. `LTE` असून `NR` जोडलेलं दिसलं तर एनएसए. काही कंपन्यांच्या फोनवर हा कोड चालत नाही.