बाबांच्या दुपारच्या ताटाविषयी

तीर्थरूप बाबांस,
साष्टांग नमस्कार.

आईने रिपोर्ट पाठवला. उपाशीपोटी साखर ११८, जेवणानंतर दोन तासांनी २४२. पहिला आकडा चांगला आहे. दुसरा साधारण १८० च्या आत हवा, म्हणून मी तुमचं दुपारचं जेवण डोळ्यांसमोर आणलं.

तुम्ही गोड सोडलंत, पोळीऐवजी ज्वारीची भाकरी सुरू केलीत. ज्वारीत तंतू आहेत हे खरंच, पण तिच्या पिठात शंभर ग्रॅममागे सत्तरेक ग्रॅम कर्बोदकं असतात आणि त्यातली बहुतेक पचून ग्लुकोजच होतात. साठ ग्रॅम पिठाच्या एका भाकरीतून सुमारे ४२ ग्रॅम मिळतात. वाटीभर, म्हणजे दीडशे ग्रॅम, शिजलेल्या भातातूनही जवळपास तेवढीच. तुमच्या दोन भाकऱ्या आणि वाटीभर भात मिळून सव्वाशे ग्रॅमच्या घरात जातात. एवढी साखर थोड्या वेळात रक्तात उतरली, की तुमचं इन्शुलिन तिला पुरं पडत नाही.

भाकरी सोडा असं मी म्हणणार नाही. एकच घ्या, भात अर्धी वाटी. कर्बोदकं साठ-पासष्टवर येतील. भूक राहू नये म्हणून मटकीची उसळ वाटीभर आणि पालेभाजी दुप्पट. उसळीतही कर्बोदकं आहेत, पण प्रथिनं आणि तंतूंमुळे ती सावकाश पचतात.

आणखी एक, क्रम बदलून पाहा. आधी काकडीची कोशिंबीर, भाजी आणि उसळ, मग भाकरी, शेवटी भात. तंतू आणि प्रथिनं आधी पोटात गेली की जठर हळू रिकामं होतं आणि मागून आलेला स्टार्च आतड्यात बेताबेताने उतरतो. कोरडी उसळ आधी खाणं तुम्हाला विचित्र वाटेल. भाकरीचे एक-दोन घास सोबत घेतलेत तरी हरकत नाही.

फरक पडतो का, हे घरच्या ग्लुकोमीटरवर कळेल. दोन दिवस तेच पदार्थ, तेवढेच, फक्त एक दिवस नेहमीचा क्रम आणि दुसऱ्या दिवशी हा नवा. जेवणाआधी एकदा आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी एकदा मोजा. दोन्ही आकड्यांतली वाढ वहीत लिहा. एकेका दिवसाचा आकडा झोपेने, चालण्यानेही बदलतो, म्हणून ही जोडी दोन-तीनदा करा.

मात्र हे सगळं सुरू करण्याआधी डॉक्टरांना फोन करा. तुमची ग्लिमेपिराइडची गोळी जेवण कमी झालं तरी इन्शुलिन सोडायला लावतेच, त्यामुळे साखर ७० च्या खाली जाऊ शकते. डोस कमी करायचा का ते तेच सांगतील. गोळी स्वतःहून बंद करू नका. हात थरथरले, दरदरून घाम आला, तर लगेच तीन चमचे साखर पाण्यात घालून प्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा आणि आईला हाक मारा.

तुमची,
ताई