करकर आवाज आणि इतर घोषप्रकार

स्वरयंत्रातले दोन स्वरतंतू एकमेकांपासून किती दूर असतात आणि कसे कंप पावतात, यावर आवाजाची जी जात ठरते तिला घोषप्रकार म्हणतात. तंतू पुरते विलग असले की नुसता श्वास जातो. क, च, प हे वर्ण असेच निघतात. ते मिटून एका लयीत उघडझाप करू लागले की आपला नेहमीचा घोष ऐकू येतो. या दोहोंच्या मधे तंतू कंप पावत असतानाच मागच्या बाजूला फट राहते आणि तिच्यातून हवा झिरपते: हा सश्वास घोष. उलट बाजूला तंतू एकमेकांवर घट्ट दाबले जातात, पण लांबीने सैल, आखूड आणि जाड राहतात. मग हवा थोडी थोडी, अडखळत सुटते आणि जुन्या दारासारखी करकर ऐकू येते. इंग्रजीत यालाच क्रीकी व्हॉइस म्हणतात.

सश्वास घोषाच्या या मधल्या अवस्थेची नोंद आपल्याकडे फार जुनी आहे. वेदपठणाच्या उच्चारांचे नियम सांगणारा प्राचीन ग्रंथ तैत्तिरीय प्रातिशाख्य सांगतो की कंठ संवृत असता नाद होतो, विवृत असता श्वास आणि मधल्या स्थितीत हकार. हाच हकार तो घ, झ, ढ, ध, भ या वर्गांतल्या चौथ्या वर्णांतही धरतो. यंत्राशिवाय, केवळ कानाने आणि गळ्याच्या जाणिवेने केलेले हे वर्णन आजही चुकीचे ठरत नाही.

मराठीत सश्वास घोषाने शब्दाचा अर्थ बदलतो. गाव आणि घाव, बार आणि भार एवढ्यानेच वेगळे होतात. मराठी त्याहून पुढे जाऊन म्हैस, न्हाणी, कोल्हा, व्हा अशा शब्दांत अनुनासिकांना आणि अर्धस्वरांनाही हाच घोष देते. सुरगाणा आणि पेठ तालुक्यांची हद्द ओलांडून गुजरातीत शिरले की तो थेट स्वरावर बसतो: ‘बार’ म्हणजे बारा आणि तोच आ सश्वास केला की ‘बाहेर’. करकर आवाज मात्र मराठीत शब्दाशब्दांत भेद करत नाही. मेक्सिकोतल्या हालापा मासातेक भाषेत तो करतो. तिथे साधा, सश्वास आणि करकर असे तीन स्वर अर्थाने वेगळे आहेत.

नाशिकमधल्या एखाद्या पुरुषाने सहज म्हटलेले ‘उद्या गोदाघाटावर भेटतो’ हे वाक्य घ्या. ध्वनिमुद्रण ‘प्रात’ या आवाजाचे विश्लेषण करणाऱ्या मोफत संगणक प्रणालीत उघडले की ‘घा’ आणि ‘भे’ यांच्या स्वरांच्या सुरुवातीला तरंग गुळगुळीत आणि किंचित धूसर दिसतो. मूळ सुराच्या पटीत येणाऱ्या आवाजाच्या घटकांना स्वरसंवादी म्हणतात; तिथे पहिला स्वरसंवादी दुसऱ्यापेक्षा ठळक असतो. स्वर पुढे सरकतो तसा हा फरक ओसरतो, म्हणून मोजमाप स्वराच्या आरंभीच करावे. शेवटच्या ‘तो’ला चित्र पालटते. सूर खाली येतो, श्वासाचा दाब ओसरतो आणि तंतूंचे ठोके विरळ होतात. आवाज 120 हर्ट्झचा असेल तर दोन ठोक्यांत सुमारे 8 मिलिसेकंद असतात. करकर होऊन तो 40 हर्ट्झवर आला की 25. ठोके सारख्या अंतरावरही पडत नाहीत. सुराची किमान मर्यादा 75 हर्ट्झ ठेवलेली असेल तर प्रणालीने काढलेली सुराची रेघ नेमकी इथेच तुटते किंवा दुप्पट उंचीवर उडी मारते. नवखा अभ्यासक ‘इथे सूर चढला’ असे लिहून मोकळा होतो. तेव्हा रेघेवर विसंबू नये, तरंग मोठा करून ठोके डोळ्यांनी पाहावेत.

दुसरी फसगत स्वरांची. ‘ई’ आणि ‘ऊ’ यांत मुखाचा अनुनाद इतका खाली असतो की पहिला स्वरसंवादी त्यानेच फुगतो आणि साधा स्वरही सश्वास वाटू लागतो. म्हणून ‘गाव’ची तुलना ‘घाव’शीच करायची, ‘घी’शी नाही. घाटावरची गर्दी किंवा पंख्याची घरघरही धूसरपणाचा भास निर्माण करते.

शब्दभेदापासून मोकळा असल्यामुळे करकर आवाज समाजाच्या हाती लागतो. स्कॉटलंडमधल्या एडिनबर्गमध्ये ध्वनिशास्त्रज्ञ जॉन एस्लिंग यांना 1970च्या दशकात तो वरच्या सामाजिक थरातल्या पुरुषांत अधिक आढळला. अमेरिकेत तोच आवाज पुढे तरुण स्त्रियांचा मानला गेला आणि त्यावरून त्यांना टोकण्यात आले. इकुको पॅट्रिशिया युआसा यांच्या 2010च्या अभ्यासात अमेरिकी स्त्रिया तो अमेरिकी पुरुषांहून आणि जपानी स्त्रियांहून जास्त वापरताना दिसल्या. गळ्याची क्रिया तीच असूनही एका शहरात ती प्रतिष्ठेची खूण ठरली आणि दुसऱ्या देशात टीकेचे निमित्त. म्हणूनच परदेशी निष्कर्ष उचलून नाशिकच्या तरुणींना लावणे मला अन्यायाचे वाटते. मराठी वाक्याच्या शेवटी आलेली करकर बहुतेकदा एवढेच सांगते की बोलणे संपत आले, आता तुम्ही बोला. ती बोलणाऱ्याची ओळख सांगते असे म्हणायचे असेल तर त्याच व्यक्तीचे वाक्याच्या मधले बोलणेही तपासावे लागते, कारण तिथे उतरत्या सुराची सबब उरत नाही.