रिक्षाच्या मागच्या जाहिरातीत किती शब्द बसतात?

जाहिरात द्यायला येणारे बहुतेक जण दुकानाचं व्हिजिटिंग कार्ड पुढे करतात आणि "हे सगळं टाका" म्हणतात. सगळं टाकता येतं, पण चालत्या रस्त्यावर त्यातलं काहीच वाचलं जात नाही. रिक्षामागचा माणूस गाडी चालवत असतो. त्याची नजर तुमच्या पाटीवर दोन-तीन सेकंद टिकली तरी पुष्कळ.

अक्षराच्या उंचीचा आमच्या धंद्यातला ढोबळ हिशेब असा: एक इंच उंचीला दहा फूट अंतर. चालत्या वाहतुकीत मागची गाडी साधारण चाळीस-पन्नास फुटांवर असते, म्हणजे मुख्य अक्षरं निदान पाच इंची हवीत. मराठीत ही उंची शिरोरेखेपासून खाली मोजायची. वेलांटी-मात्रांना वर आणि उकाराला खाली जागा लागते, ती वेगळी.

समजा, पाण्याच्या टाक्या धुण्याचा व्यवसाय आहे आणि जागा ३६ बाय २० इंच. कडेची शिलाई आणि मोकळी जागा सोडून ३२ बाय १७ उरते. मजकूर आला, "घरगुती व सोसायटीच्या पाण्याच्या टाक्या स्वच्छ धुऊन मिळतील". आम्ही ठेवतो "टाकी साफ". या दोन शब्दांत खाली लोंबणारा उकार नाही, त्यामुळे अक्षर सहा इंची घेता येतं. वरच्या वेलांटीसकट साडेआठ इंच गेले. दीड इंच मोकळे सोडून खाली पाच इंची फोन नंबर, पाच-पाच आकड्यांच्या दोन गटांत. नंबर इंग्रजी अंकांत घ्या. देवनागरी १ आणि ९ लांबून सारखेच दिसतात. उरलेल्या दोन इंचांत दुकानाचं नाव एक इंची. ते सिग्नलला मागे थांबलेला दुचाकीवालाच वाचणार, आणि त्याच्यासाठी तेवढं पुरे. नाव मोठं करा असा आग्रह होतो, पण मग नंबर बारीक होतो, आणि फोन तर नंबरावरच येणार!

अक्षर ठसठशीत हवं, पण फार जाड नको. जाड अक्षरात ब, ध, भ यांच्या पोटातली पोकळी बुजते आणि ब चा व होतो. पिवळ्यावर काळं उत्तम उठतं. मात्र हूडही पिवळं असेल तर पाटीभोवती काळी चौकट मारावी लागते. लॅमिनेशन मॅट घ्या, कारण चकचकीत पृष्ठभागावर रात्री मागच्या गाडीचा हेडलाइट चमकतो.

छपाईआधी आम्ही नमुना ९ बाय ५ इंचांत, म्हणजे पाव आकारात देतो. तो दहा फुटांवरून पाहणं म्हणजे पाटी चाळीस फुटांवरून पाहणं. मजकूर माहीत नसलेल्या माणसाला दोन सेकंद दाखवा आणि काय वाचलं ते विचारा. तो "टाकी..." म्हणून अडखळला, तर फाइल परत पाठवा.

मागची काच, नंबरप्लेट आणि दिवे आम्ही झाकत नाही. आरटीओची परवानगी हातात आल्यावरच पाटी चढते.