पेनसिल्व्हेनियातले कामगार का घटले?

एखाद्या योजनेची जाहिरात पाहा. ‘योजनेपूर्वी इतके, योजनेनंतर इतके’ असे दोन आकडे शेजारी शेजारी छापलेले असतात आणि मधल्या वाढीचं सगळं श्रेय योजनेला दिलेलं असतं. गंडा बांधल्यावर ताप उतरला म्हणून गंड्याला श्रेय देणं आणि हे, यांत तर्काच्या दृष्टीने काहीही फरक नाही. ताप तसाही उतरणार होता का, हा प्रश्न दोन्हीकडे विचारलेलाच नसतो.

औषधाच्या चाचणीत हा प्रश्न चिठ्ठ्या टाकून सोडवतात. कोणाला औषध आणि कोणाला नाही हे निव्वळ योगायोगाने ठरतं, त्यामुळे पुरेशी माणसं घेतली तर वय, पैसा, तब्येत या बाबतींत दोन्ही गट सरासरीने सारखे होतात. ज्या गोष्टी आपल्याला ठाऊकही नाहीत, त्यासुद्धा आपोआप वाटल्या जातात. कायद्यांच्या बाबतीत मात्र अशा चिठ्ठ्या टाकणं क्वचितच जमतं. मग संशोधक अशी जागा शोधतात, जिथे परिस्थितीनेच साधारण सारख्या दोन गटांपैकी एकाला वेगळं वळण दिलं आहे. याला नैसर्गिक प्रयोग म्हणतात.

अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याने 1 एप्रिल 1992 रोजी किमान वेतन ताशी 4.25 डॉलरवरून 5.05 डॉलर केलं. शेजारच्या पेनसिल्व्हेनियात ते 4.25 डॉलरच राहिलं. वेतन वाढवलं की मालक माणसं कमी करतात, असं पाठ्यपुस्तकातलं अर्थशास्त्र सांगत होतं. डेव्हिड कार्ड आणि अ‍ॅलन क्रुगर या अर्थतज्ज्ञांनी वाढीच्या आधी न्यू जर्सीतल्या आणि सीमेपलीकडच्या पूर्व पेनसिल्व्हेनियातल्या मिळून 410 फास्ट-फूड रेस्टॉरंटांकडे किती कामगार आहेत ते फोनवर विचारलं, आणि वर्षअखेरीस पुन्हा विचारलं. मधल्या काळात कायमची बंद पडलेली रेस्टॉरंटंही त्यांनी शून्य कामगार धरून हिशेबात ठेवली. ती गाळली असती तर सर्वांत मोठं नुकसानच दिसलं नसतं.

पूर्णवेळ कामगार एक आणि अर्धवेळ कामगार अर्धा असं मोजलं, तर न्यू जर्सीत दर रेस्टॉरंटमागे सरासरी 20.44 कामगार होते, ते 21.03 झाले. पेनसिल्व्हेनियात 23.33 होते, ते 21.17 वर आले. म्हणजे एकीकडे 0.59 ची वाढ, दुसरीकडे 2.16 ची घट. या दोन बदलांमधला फरक सुमारे 2.75 कामगारांचा, आणि तोही न्यू जर्सीच्या बाजूने. रोजगार घटल्याचं चिन्ह नव्हतं.

या आकडेमोडीला ‘फरकांचा फरक’ म्हणतात आणि मला ती फार आवडते. दोन राज्यं सुरुवातीला सारखी असायलाच हवीत, अशी तिची अट नाही. ती नव्हतीच. अट एवढीच की कायदा झाला नसता, तर दोन्हीकडचा बदल सारखाच झाला असता. पण ही अट सिद्ध करता येत नाही, कारण ‘वेतन न वाढलेली 1992 ची न्यू जर्सी’ कोणीच पाहिलेली नाही.

आकडे पुन्हा पाहा. 2.75 पैकी मोठा वाटा न्यू जर्सीतल्या वाढीचा नसून पेनसिल्व्हेनियातल्या घटीचा आहे, आणि तिथे तर कायदा बदललाच नव्हता. मंदीमुळे दोन्हीकडे अशीच घट होणार होती आणि न्यू जर्सी तिच्यातून वाचली, असं मानलं तर निष्कर्ष टिकतो. घट फक्त पेनसिल्व्हेनियाचीच काही अडचण असेल, तर तो ढासळतो.

म्हणून दोघांनी आणखी एक तुलना केली, न्यू जर्सीच्या आतच. काही रेस्टॉरंटं आधीपासून पाच डॉलर किंवा जास्त देत होती, त्यांना कायद्याने जवळपास काहीच फरक पडणार नव्हता. तिथेही सरासरी दोनेक कामगार घटले होते, जवळपास पेनसिल्व्हेनियाइतकेच. 4.25 डॉलर देणाऱ्या रेस्टॉरंटांत मात्र कामगार वाढले. यामुळे मंदीच्या स्पष्टीकरणाला बळ मिळतं. तरीही आधीपासून जास्त पगार देणारी रेस्टॉरंटं चिठ्ठ्या टाकून निवडलेली नव्हती. त्यांचे मालक, गिऱ्हाईक, जागा वेगळ्या असू शकतात.

आणखी एक मर्यादा सहज नजरेतून सुटते. रेस्टॉरंटं चारशे असली तरी कायदा बदललेलं राज्य एकच होतं. त्या महिन्यांत पूर्व पेनसिल्व्हेनियात दुसरं काही घडलं असेल, तर त्याची छाया तिथल्या सगळ्या रेस्टॉरंटांवर एकदम पडणार. नमुना हजारांवर नेला तरी ही अडचण जात नाही.

पुढे डेव्हिड न्यूमार्क आणि विल्यम वॉशर यांनी फोनवरच्या उत्तरांऐवजी रेस्टॉरंटांच्या पगारनोंदी वापरल्या आणि न्यू जर्सीत रोजगार तुलनेने घटल्याचं मांडलं. कार्ड आणि क्रुगर यांनी 2000 साली सरकारी नोंदींवरून पुन्हा हिशेब केला, तेव्हा परिणाम शून्याच्या आसपास निघाला. ‘वेतन वाढवल्याने रोजगार वाढला’ हा दावा त्यामुळे मागे पडला. ‘एवढ्या वाढीने मोठी घट झाली नाही’ हा दावा जास्त भक्कम ठरला.

2010 मध्ये अरिंद्रजित दुबे आणि सहकाऱ्यांनी देशभरातल्या राज्यसीमांवरच्या शेजारी काउंटींच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्यांच्या, जोड्या 16 वर्षांच्या नोंदींवर तपासल्या. एका सीमेवरचा योगायोग इतर सीमांवर तसाच घडण्याची शक्यता कमी असते. त्यांनाही रोजगारातली ठळक घट आढळली नाही. पण त्या जोड्यांतल्या वेतनवाढी बहुतेक माफक होत्या. किमान वेतन एकदम दुप्पट केलं तर काय होईल, हे त्या नोंदींवरून सांगता येत नाही.